पॉलीहाउसचा हप्ता आणि काकडीचा तोडा

*ताई, नमस्कार. सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित पाच बिघे जमीन आहे. मी पीथमपूरला नोकरी करतो, आई-बाबा आणि एक गडी शेत बघतात. नोकरी सोडून एक एकराचं पॉलीहाउस टाकायचा विचार पक्का होत आला आहे. कंपनीने 44 लाखांचं कोटेशन दिलंय. म्हणतात, अर्धी सबसिडी मिळेल, रंगीत ढोबळी मिरची लावा, वर्षाला 40 टन निघते, 60 रुपये भावाने 24 लाख होतात. माझ्याकडे 6 लाख शिल्लक आहेत. उरलेल्या पैशांसाठी इंदूरचं घर गहाण ठेवायची बाबांची तयारी आहे. हप्ता कसा बसवावा, हे सांगाल का?*
*— एक वाचक, इंदूर*

नमस्कार. सगळ्यात आधी घराचं बोलते. बाबांना सांगा, घराचे कागद कपाटातच राहू द्या. तुमच्या जमिनीवर पॉलीहाउस होऊ शकतं आणि ते स्वतःचं कर्ज स्वतः फेडू शकतं. मात्र ते एक एकराचं नको आणि पहिलं पीक रंगीत मिरचीचं नको. नोकरीही इतक्यात सोडू नका. आता कारणं सांगते.

कंपनीच्या कागदावरचे आकडे खोटे नाहीत. चौरस मीटरला दहा किलो मिरची मुरलेला शेतकरी काढतो. साठ रुपये भावही मिळतो, काही आठवडे. पण हे दोन्ही पहिल्याच वर्षी आणि वर्षभर एकत्र जुळून येतील, असं धरून त्या कागदाची बेरीज झाली आहे. शिवाय त्यात महिना कुठेच नाही. पैसे कोणत्या महिन्यात जातात आणि कोणत्या महिन्यात येतात, हे मांडल्याशिवाय हप्त्याचा प्रश्न सुटत नाही.

महिने मांडून बघू. सबसिडी बांधकाम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर येते, म्हणजे आधी पूर्ण 44 लाख उभे करायचे. तुमचे 6 लाख त्यात गेले तर 38 लाख कर्ज. दहा टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला 3 लाख 80 हजार. मिरचीचं रोप लावल्यापासून फळाला रंग चढेपर्यंत 80 ते 90 दिवस जातात. तोवर रोपं, विद्राव्य खतं, फवारणी, सुतळ्या, मजुरी असा एकरी चार लाखांच्या आसपास खर्च होऊन जातो. तो कुठून करणार? तुमचे 6 लाख तर लोखंडात गेले. मग आढतियाकडून उचल घ्यायची, उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर उतरवायचा, आणि भाव तो सांगेल तो. मी पाहिलेली बहुतेक बुडालेली पॉलीहाउसं पिकापायी बुडालेली नाहीत. चालू खर्चाचा पैसा बांधकामात गेला आणि पहिला हप्ता पहिल्या तोड्याच्या आधी येऊन उभा राहिला, म्हणून ती बुडाली.

म्हणून टप्प्याटप्प्याने जा. पहिला टप्पा 1000 चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाव एकर. तुमच्याच कोटेशनच्या दराने त्याचे 11 लाख. छोट्या मापाला कंपनी दर थोडा चढवून सांगेल, तिथे घासाघीस करा. कोटेशनमध्ये नसलेल्या गोष्टींचे वर 2 लाख धरा: वाफ्यांसाठी माती आणि शेणखत, टाकी, फिल्टर, मोटर. एकूण 13 लाख. त्यातले 4 लाख तुमचे, 9 लाख मुदतीचं कर्ज. तुमचे उरलेले 2 लाख वेगळ्या बचत खात्यात ठेवा. बांधकामाचा कितीही खर्च निघाला तरी त्या खात्याला हात लावायचा नाही. ते पिकाचे पैसे आहेत.

मातीवर मुद्दाम थोडं बोलते, कारण सांवेरची काळी माती सोयाबीन-गव्हाला सोनं असली तरी पॉलीहाउसला त्रासाची. पाणी धरून ठेवते, काकडीची मुळं गुदमरतात. बाहेरून मुरमाड तांबूस माती आणून तिच्यात शेणखत आणि भाताचं तूस मिसळून फूटभर उंचीचे वाफे करावे लागतात. तीच काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हलवते. कंपनीला खांबाचा पाया किती खोल घेणार, काँक्रीट किती भरणार, हे लेखी विचारा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एखादा खांब दोन इंच कलला की छताचा प्लास्टिकचा कागद तिथे सैल पडतो, फडफडतो आणि क्लिपजवळ फाटतो.

आता सबसिडी. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात पॉलीहाउसला 50 टक्के अनुदान आहे हे खरं, पण ते सरकारने ठरवलेल्या मापदंड खर्चाच्या 50 टक्के. तुमच्या बिलाचा तिथे संबंध नाही. कोटेशन मापदंडाच्या वर असेल तर वरचा पैसा पूर्ण तुमचा. म्हणून 1000 मीटरला साडेपाच लाख न धरता मी 5 लाख धरते. आणि एक गोष्ट पाळाच: उद्यानिकी विभागाच्या पोर्टलवर नोंदणी होऊन पूर्वमंजुरीचा कागद हातात आल्याशिवाय खड्डासुद्धा खोदू नका. आधी बांधलं आणि मग अर्ज केला, अशा फाइली अडकतात. कंपनीवाला म्हणेल, मी बघून घेतो. त्याला सांगा, कागद दाखवा, मग अॅडव्हान्स.

सबसिडी कोणाच्या खात्यात येणार, तुमच्या, कंपनीच्या की थेट कर्जखात्यात, हेही बँकेला आणि विभागाला आधीच विचारा. ती आली की पूर्ण रक्कम मुद्दलात भरायची. त्यात दुचाकी नाही, दुसऱ्या शेडचा पाया नाही. मुदतीआधी मुद्दल भरल्यावर दंड लागत नाही, अशी ओळ मंजुरीपत्रात आहे ना, ते बघून घ्या.

पीक कुठलं आणि केव्हा, यावर हप्त्याची तारीख ठरते, म्हणून आता पिकाकडे येते. बांधकाम मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत उरका. मृगाचा पाऊस पडला की काळ्या जमिनीत ट्रक शिरत नाही, आणि अर्धवट राहिलेला सांगाडा चार महिने तसाच उभा राहतो, व्याज मात्र चालू राहतं. बँकेकडून पैसेही टप्प्यांनी उचला: पाया झाल्यावर काही, सांगाडा उभा राहिल्यावर काही, छताचा कागद चढल्यावर शेवटचे. जेवढं उचललं तेवढ्यावरच व्याज लागतं, आणि कंपनीवर तुमचा धाकही राहतो.

जुलैत वाफे तयार करा आणि 15 ऑगस्टच्या सुमारास बिनबियांची काकडी लावा. ही काकडी परागीभवनाशिवाय धरते, मधमाश्या लागत नाहीत, त्यामुळे कीटकरोधक जाळी कायम बंद ठेवता येते. पेरल्यापासून साधारण 40 दिवसांत पहिला तोडा, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी. पावसाळी बाहेरची काकडी तेव्हा ओसरत असते. तिथून नोव्हेंबर अखेरपर्यंत दिवसाआड तोडा चालतो. नवरात्र, दिवाळी आणि देवउठनी एकादशीनंतरच्या लग्नांची मागणी या काळात येते. चोइथराम मंडीत माल पहाटे उतरतो, म्हणून तोडा आदल्या संध्याकाळी घ्या, लांबी बघून क्रेट वेगवेगळे भरा, वाकडी काकडी सरळीत मिसळू नका. एका क्रेटमध्ये चार वाकड्या दिसल्या की सगळ्या क्रेटचा भाव उतरतो.

डिसेंबर-जानेवारीत काकडीचा मोह टाळा. भाव चांगला असतो, पण मालव्यातल्या रात्री दहा अंशांच्या खाली-वर जातात. त्या थंडीत वेल जागच्या जागी थांबतो, फळ वाढत नाही आणि दव सांडून केवडा रोग पसरतो. त्या सहा-सात आठवड्यांत वाफे उकरा, शेणखत भरा, ठिबकच्या नळ्या आम्लाने धुवा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ट्रेमध्ये उबेत रोपं करा, फेब्रुवारीत लावा. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत दुसरा तोडा मिळतो. मेच्या मध्यावर वेल उपटा. बाहेर 41-42 अंश असताना पॉलीहाउसच्या आत पिकाला काय होतं ते बघायला दुपारी बारा वाजता पाच मिनिटं आत उभं राहिलं तरी पुरे. फुलं गळतात, लाल कोळी पानांच्या खाली जाळं विणतो, आणि फवारणीचा खर्च मालाच्या किमतीला गाठतो.

मे-जूनचे रिकामे दिवस फुकट जात नाहीत. वाफे भिजवून त्यांवर पातळ पारदर्शक पॉलिथिन अंथरा, कडा मातीने दाबा, पॉलीहाउसचे पडदे बंद करा आणि पाच-सहा आठवडे तसंच तापू द्या. हे सूत्रकृमीसाठी. हा डोळ्यांना न दिसणारा किडा पॉलीहाउसमध्ये तिसऱ्या-चौथ्या पिकाला हमखास येतो, कारण आपण त्याच वाफ्यात तेच पीक पुन्हा पुन्हा लावतो. ओळखायची खूण अशी: दुपारी काही वेल मान टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. पाणी दिलं तरी दुसऱ्या दुपारी तेच. असा एक वेल अलगद उपटून मुळं पाण्यात धुवा. पांढऱ्या मुळांवर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसल्या की समजा, तो आला. मग त्या पिकाचं उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. औषधाने तो पूर्ण जात नाही. उन्हात तापवणं, निंबोळी पेंड, ट्रायकोडर्मा, आणि मधे एखादं झेंडूचं पीक, यांनी तो आटोक्यात राहतो.

पाण्याकडेही बघा. हजार मीटरच्या काकडीला एका पिकात अडीच ते तीन लाख लिटर पाणी लागतं. तुमच्या भागातल्या बोअरवेल एप्रिलमध्ये ओढ देतात, आणि दुसरं पीक नेमकं तेव्हा भरात असतं. इंदूरकडे वर्षाला साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो. हजार मीटरच्या छतावर त्याचे 9 लाख लिटर होतात. गळती-बाष्प वजा केलं तरी अस्तर घातलेल्या छोट्या शेततळ्यात उन्हाळ्याचं पीक निघेल एवढं पाणी साठतं, आणि ते बोअरच्या पाण्यापेक्षा गोडं असतं. शेततळ्याचा खर्च मी वरच्या 13 लाखांत धरलेला नाही. बोअर मेपर्यंत टिकते अशी बाबांची खात्री असेल तर ते दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. नसेल, तर आधी तळं आणि पॉलीहाउस एक वर्षाने.

हप्ता. एका पिकाचा हिशेब असा मांडा. हजार मीटरमध्ये 2,400 वेल. नवख्या माणसाने वेलामागे 3 किलो धरावेत, म्हणजे सुमारे 7 टन. भाडं, हमाली, आढत, छाटलेला माल सगळं वजा जाऊन किलोला सरासरी 20 रुपये हातात आले तर 1 लाख 40 हजार. खर्च: बी 17 हजार, खतं 14, औषधं 8, सुतळी-मल्चिंग 6, वीज 5 आणि साडेतीन महिन्यांची मजुरी 35. एकूण 85 हजार. एका पिकामागे 55 हजार उरतात, दोन पिकांचे 1 लाख 10 हजार. गडी घरचाच आहे म्हणून मजुरी सोडू नका, तो दुसरीकडे जे काम करत होता ते आता कोणीतरी करतोच आहे.

हे आकडे लहान वाटले ना? म्हणूनच लिहिले. 9 लाखांचं कर्ज सहा वर्षांत सहामाही हप्त्याने फेडायचं म्हटलं तर पहिला हप्ता 75 हजार मुद्दल आणि 45 हजार व्याज, मिळून 1 लाख 20 हजार. एका पिकाचे 55 हजार. शेत हा हप्ता उचलू शकत नाही. आता सबसिडीचे 5 लाख मुद्दलात गेले तर काय होतं ते बघा. कर्ज राहतं 4 लाख. सहामाही हप्ता 53 हजारांचा, वर्षाचे 1 लाख 5 हजार, आणि पुढे व्याज घटत जातं. दुसऱ्या वर्षी तुमचा हात बसला, वेलामागे साडेतीन किलो निघाले, तर एका पिकाचे 83 हजार उरतात आणि दोन पिकांचे 1 लाख 66 हजार. त्यातून हप्ते गेले, 61 हजार राहिले. छताचा कागद तीन-चार वर्षांत बदलावाच लागतो, त्याचे मजुरीसह सव्वा लाखाच्या आसपास धरा आणि दर वर्षी 30 हजार बाजूला टाका. शेवटी हातात 31 हजार.

नोकरी का सोडू नका म्हणाले, ते यावरून कळेल. पहिला टप्पा तुमचं घर चालवणार नाही. तो कर्ज फेडेल आणि तुम्हाला काम शिकवेल.

बँकेत बसाल तेव्हा तीन गोष्टी मागा आणि मंजुरीपत्रात लिहून घ्या. सहीनंतर शाखा व्यवस्थापकाच्या हातात फारसं काही उरत नाही. पहिली, मासिक हप्ता नको, सहामाही हवा. शेतीच्या मुदतीच्या कर्जाला पिकाच्या उत्पन्नाप्रमाणे हप्ता बांधून देण्याची पद्धत आहेच, पण तुम्ही मागितलं नाही तर संगणकात महिन्याचा हप्ता पडून जातो. तारखा 31 डिसेंबर आणि 31 मे मागा. दोन्ही तोडे संपून मंडीतले पैसे खात्यात आलेले असतील. दुसरी, मुद्दलाला सूट. मार्चमध्ये पैसे उचलणार असाल तर पहिला मुद्दलाचा हप्ता पुढल्या वर्षीच्या डिसेंबरला मागा. बँक मे म्हणाली तरी चालेल, त्याआधीचा मात्र घेऊ नका. सबसिडी लांबली तर हीच सूट तुम्हाला तारेल. तिसरी, या सुटीच्या काळातल्या व्याजाचं काय, ते विचारा. ते मुद्दलात चढवायचं म्हटलं तर 9 लाखांचे वर्षात 9 लाख 90 हजार होतात. त्यापेक्षा डिसेंबरमध्ये तोवरचं व्याज भरून टाका. पैसे टप्प्यांनी उचलले असतील तर ते 60-65 हजारांच्या घरात जाईल. पहिल्या काकडीचे 55 हजार आणि वरचे थोडे बचत खात्यातून.

चालू खर्चासाठी ते 2 लाखांचं खातं आणि जोडीला किसान क्रेडिट कार्ड. तुमच्याकडे सोयाबीन-गव्हाचं कार्ड असेलच. शाखेत जाऊन पॉलीहाउसच्या भाजीला एकरी किती पीककर्ज द्यायचं, हे जिल्ह्यात काय ठरलंय ते विचारा आणि मर्यादा वाढवून घ्या. 3 लाखांपर्यंत 7 टक्के व्याज, आणि वेळेत फेडलं तर 3 टक्के सवलत, म्हणजे 4 टक्क्यांनी पैसा. इतका स्वस्त पैसा शेतकऱ्याला क्वचितच मिळतो. पण तो पीक विकलं की परत भरायचा, आणि पुढच्या पेरणीला पुन्हा उचलायचा. कार्डातून मुदतीच्या कर्जाचा हप्ता भरायची वेळ आली तर ती धोक्याची घंटा समजा. वरून सगळं वेळेवर चाललेलं दिसतं, आतून कर्जच कर्ज फेडत असतं. वर्षाच्या शेवटी कार्ड पूर्ण शून्यावर आणता आलं का, एवढं एकच बघत जा.

एखादं पीक पडलं तर? समजा, दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये नदीकाठची काकडी लवकर आली आणि तुमच्या हातात किलोला 20 ऐवजी 14 रुपये पडले. 8.4 टनांचे सुमारे 1 लाख 18 हजार, खर्च जाता 33 हजार. वर्षाचे मिळून 1 लाख 16 हजार होतात, हप्ते आणि कागदाची तजवीज मिळून 1 लाख 35 हजार लागतात. तूट 19 हजारांची. ती त्या 2 लाखांच्या खात्यातून भरून निघते आणि रात्रीची झोप शाबूत राहते. हेच एक एकरावर झालं असतं तर तूट लाखांत गेली असती, आणि खातं रिकामं असतं.

दुसऱ्या टप्प्याची तारीख आज ठरवू नका, अटी ठरवा. सबसिडी कर्जखात्यात जमा झालेली असावी. सलग दोन पिकांत वेलामागे 3 किलोंच्या वर उत्पादन वहीत लिहिलेलं असावं, आठवणीतलं चालणार नाही. आणि बचत खातं पुन्हा 2 लाखांवर आलेलं असावं. तिन्ही जुळल्यावर दुसरे हजार मीटर बांधा. त्याचं गणित पहिल्यापेक्षा बरं असतं, कारण गडी तोच, मोटर-फिल्टर तेच, मंडीची गाडी तीच. मजुरी थोडीच वाढते, त्यामुळे तेवढ्याच काकडीतून जास्त उरतं. म्हणून पहिल्या टप्प्यातच पॉलीहाउस अशा बाजूला घ्या की शेजारी दुसरं जोडता येईल, मुख्य नळ आणि फिल्टर दोन हजार मीटरच्या मापाचा बसवा. त्याला आत्ता थोडेच पैसे जास्त लागतात, नंतर उकरून बदलायला पुष्कळ.

रंगीत मिरचीचा नंबर त्या दुसऱ्या पॉलीहाउसमध्ये. ऑगस्टच्या सुरुवातीला लावली तर ऑक्टोबरच्या शेवटी रंग चढू लागतो आणि एप्रिलपर्यंत तोडा चालतो. थंडीत मिरची काकडीएवढी हटून बसत नाही, आणि लग्नाच्या मोसमात पिवळ्या-लाल मिरचीला हॉटेलवाले आणि केटरर चांगला भाव देतात. पण नवखा माणूस झाडामागे अडीच किलोच काढतो, फुलकिडे आणि भुरी यांच्याशी आठ-दहा महिने झुंजतो, आणि हजार मीटरला दोन लाखांच्या वर खर्च करून शेवटी काकडीच्या दोन पिकांएवढंच कमावतो. चार किलोंचा हात बसला की मिरचीसारखं पीक नाही. तो हात काकडीच्या वेलाला वळण देता देता, खताचं पाणी मोजता मोजता बसतो. पहिल्या पॉलीहाउसची काकडी दुसऱ्यातल्या मिरचीचा तीन महिन्यांचा खर्च चालवील, तेव्हाच मिरची लावा.

एक वही आजच आणा. तारीख, किती किलो तोडले, किती क्रेट, मंडीत काय भाव लागला आणि हातात किती आले, एवढेच रकाने. भाव आणि हातात आलेली रक्कम हे दोन वेगळे रकाने असू द्या. बऱ्याच जणांच्या हिशेबात मंडीचा भाव असतो, भाडं-आढत नसते, आणि वर्षाअखेरीस पैसे गेले कुठे ते कळत नाही. वही आईंकडे द्या. तोडा त्यांच्यासमोर होतो.

आणि कोटेशनवर सही करण्याआधी बोअरचं एक लिटर पाणी आणि शेतातली माती कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा इंदूरच्या कृषी महाविद्यालयात दाखवून तपासून घ्या. पाण्याचा क्षार म्हणजे ईसी 1 च्या आत असेल तर निर्धास्त पुढे जा. 2 च्या वर असेल तर काकडीची पानं कडेने करपतील, ठिबकची तोंडं बुजतील, आणि मग शेततळ्याशिवाय सुरुवातच करू नका. तपासणीचा कागद आला की त्याची प्रत आणि बँकेच्या मंजुरीपत्राचा मसुदा मला पाठवा. हप्त्यांच्या तारखा आपण दोघं बसून लावू.